बाहत्तरचं वर्गमूळ: थांबायचं कुठे?

ताई, माझी मुलगी नववीत आहे. √७२ ला सरळ रूप द्या, या उदाहरणाचं उत्तर तिनं २√१८ लिहिलं. बाईंनी दोनपैकी एकच मार्क दिला. मैत्रिणीनं ३√८ लिहिलं, तिलाही एकच. पुस्तकात मागे उत्तर ६√२ आहे. मी समजवायला बसले आणि ७२ = ३६ × २ करून ३६√२ लिहिलं! आता तिचा माझ्यावरही भरवसा राहिलेला नाही. ती विचारते, 'माझं उत्तर चूक होतं का? चूक नसेल तर मार्क का कापला? आणि संपलं हे कळायचं कसं?' माझा नियम पाठ आहे, पण तो तसा का, हे मला कुणी सांगितलंच नाही.
– एक आई

प्रिय आई,

मुलीला आधी हे सांगा की तिचं उत्तर चूक नव्हतं, अपुरं होतं. मैत्रिणीचंही तसंच. तुमचं ३६√२ मात्र खरोखर चुकलं, पण ज्या पायरीवर तुम्ही चुकलात तिथेच 'का'चं उत्तर आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. तिची चौकटींची वही, पट्टी आणि पेन्सिल घ्या आणि दोघी शेजारी बसा. पुढचं नुसतं वाचू नका, वाचता वाचता काढा.

वहीत बारा चौकटी लांब आणि बारा चौकटी रुंद असा एक मोठा चौरस आखा. त्यात १४४ चौकटी झाल्या. आता त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या, म्हणजे कोपऱ्यापासून सहा चौकटींवर एकेक ठिपका द्या, आणि हे चार ठिपके ओळीनं जोडा. आत एक तिरका चौरस तयार होईल, पतंगासारखा टोकावर उभा. चार कोपऱ्यांत चार त्रिकोण उरतील. प्रत्येक त्रिकोण हा सहा बाय सहा चौकटींच्या चौरसाचा अर्धा भाग आहे, म्हणजे १८ चौकटींएवढा. चार त्रिकोणांचे मिळून ७२ झाले. १४४ मधून ७२ गेले, म्हणून तिरक्या चौरसाचं क्षेत्रफळही ७२.

ज्या चौरसाचं क्षेत्रफळ ७२, त्याच्या बाजूची लांबी म्हणजे √७२. वर्गमूळाचा अर्थच तो. तेव्हा तुम्ही काढलेल्या तिरक्या रेषेची लांबी √७२ चौकटी आहे. पट्टीनं मोजायची गरज नाही, ती रेषा नीट निरखून पाहा. ती चौकटींना कशीही छेदत जात नाही. एका चौकटीच्या एका कोपऱ्यातून शिरते आणि समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडते, मग पुढच्या चौकटीतही तसंच. मुलीला बोट ठेवून मोजायला सांगा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बरोबर सहा चौकटींचे सहा कर्ण, एकापुढे एक.

आता एका चौकटीचा कर्ण केवढा असतो? हेच चित्र लहान करून काढा. दोन बाय दोन चौकटींचा चौरस घ्या आणि त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडा. चार चौकटींतल्या प्रत्येकीचा अर्धा भाग आत येतो, म्हणून आतल्या तिरक्या चौरसाचं क्षेत्रफळ २. त्याची बाजू म्हणजे एका चौकटीचा कर्ण, आणि म्हणून त्या कर्णाची लांबी √२. मोठ्या तिरक्या चौरसाच्या बाजूवर असे सहा कर्ण बसले, तेव्हा √७२ = ६√२. यात अजून एकही नियम वापरलेला नाही, आपण फक्त मोजलं.

आता पेन्सिलीनं त्या मोठ्या तिरक्या चौरसाच्या आत, त्याच्या बाजूंना समांतर, बाजूवर जिथे एक कर्ण संपून दुसरा सुरू होतो त्या प्रत्येक ठिकाणातून जाणाऱ्या तिरक्या रेषा ओढा. आत छोट्या तिरक्या चौरसांची जाळी तयार होईल. प्रत्येक छोट्या चौरसाचं क्षेत्रफळ २ आणि ते सगळे मिळून ३६. तुमचं ७२ = ३६ × २ ते हेच, आणि ते अगदी बरोबर होतं. पण आपल्याला क्षेत्रफळ नको होतं, बाजू हवी होती. चौरसात तुकडे ३६ असले तरी एका कडेला ते सहाच बसतात, कारण ते सहा ओळींत सहा-सहा असे मांडलेले आहेत. म्हणून मुळाच्या बाहेर येताना ३६ चे ६ होतात. तुम्ही लिहिलेलं ३६√२ हे, ते छत्तीसही तुकडे एकाच रांगेत लावले तर जी लांबी होईल, ती आहे. वर्ग मुळाच्या बाहेर काढताना त्याचं वर्गमूळ घ्यायचं विसरणं ही या प्रकरणातली नेहमी आढळणारी चूक आहे, आणि माझ्या अनुभवात 'कडेला किती बसतात?' एवढा एक प्रश्न मनात ठेवला की ती पुन्हा होत नाही.

याच जाळीत तुमच्या मुलीचं उत्तरही आहे. मोठ्या तिरक्या चौरसाला मधोमध उभा-आडवा, म्हणजे त्याच्या तिरक्या बाजूंना समांतर, एकेकदा कापा. चार सारखे चौरस मिळतील, प्रत्येक १८ क्षेत्रफळाचा. कडेला दोन बसतात आणि प्रत्येकाची बाजू √१८, म्हणून २√१८. मैत्रिणीनं तोच चौरस तीन बाय तीन असा कापला. नऊ तुकडे झाले, प्रत्येक ८ क्षेत्रफळाचा, कडेला तीन, म्हणून ३√८. मोठा चौरस तोच, त्याची बाजूही तीच. कापायची पद्धत तेवढी निराळी. मला हे चित्र फार आवडतं, कारण तिन्ही उत्तरं एकाच कागदावर एकमेकांत बसलेली दिसतात.

आणि अपुरं म्हणजे काय, तेही इथेच कळतं. मुलीचा १८ चा एक तुकडा घ्या. तो अजून कापता येतो: तीन बाय तीन, म्हणजे २ क्षेत्रफळाचे नऊ तुकडे. मैत्रिणीचा ८ चा तुकडाही कापता येतो: दोन बाय दोन, म्हणजे २ क्षेत्रफळाचे चार. पण २ चा तुकडा घेतला तर? त्याचे चार केले तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ अर्धी चौकट होतं, नऊ केले तर दोन-नवमांश. पूर्ण संख्या राहत नाही. तिथे कापणं संपलं. सरळ रूप म्हणजे एवढंच: मुळाखालच्या संख्येला १ सोडून कुठल्याही पूर्ण वर्ग संख्येनं नि:शेष भाग जाऊ नये.

जाता जाता एक सांगते, कारण शब्द आपल्याच हातातला आहे. अशा मुळाला पुस्तकात करणी म्हणतात. हा शब्द शुल्बसूत्रांतून आलेला आहे, जिथे दोरीनं वेदीची मापं काढण्याचे नियम दिलेले आहेत. तिथे द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी दोरी, आणि बौधायनाचं सूत्र सांगतं की चौरसाच्या कर्णाची दोरी दुप्पट जमीन करते. तुम्ही आत्ता दोन बाय दोन चौकटींत जे पाहिलंत, ते तंतोतंत हेच. आपली √७२ म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या सहा द्विकरणी.

आता चित्राकडून लेखी रीतीकडे येऊ, कारण परीक्षेत जाळी काढायला वेळ नसतो. ज्या नियमावर सगळं उभं आहे तो असा: a आणि b ऋण नसतील तर √(a × b) = √a × √b. कारणही लहान आहे. उजवीकडच्या √a × √b चा वर्ग करा. √a दोनदा आणि √b दोनदा येतो, म्हणजे a × b. ज्याचा वर्ग a × b आहे आणि जे ऋण नाही, तेच √(a × b). एवढीच सिद्धता.

हा नियम गुणाकाराचा आहे, बेरजेचा नाही, आणि ७२ ही संख्या हे दाखवायला फार सोयीची आहे, कारण ती ३६ × २ आहे तशीच ३६ + ३६ सुद्धा आहे. मुलं लिहितात: √(३६ + ३६) = ६ + ६ = १२. पण १२ चा वर्ग १४४, मग ७२ चं मूळ १२ कसं असेल? पुन्हा त्या पहिल्या चित्रातला कोपऱ्यातला त्रिकोण पाहा. त्याच्या दोन सरळ बाजू सहा-सहा चौकटींच्या आणि तिसरी, तिरकी बाजू √७२ ची. बारा म्हणजे कोपऱ्याला वळसा घालून गेलं तर पडणारं अंतर. √७२ म्हणजे थेट तिरकं गेलं तर पडणारं अंतर. थेट वाट वळशाइतकी लांब कशी असेल?

लिहिताना दोन वाटा आहेत. ७२ ला भागणाऱ्या पूर्ण वर्ग संख्या १ सोडून तीनच आहेत: ४, ९ आणि ३६. सगळ्यात मोठी, ३६, लगेच डोळ्यांत भरली तर एका ओळीत काम होतं: √७२ = √३६ × √२ = ६√२. नाही भरली तरी काही बिघडत नाही. तुमच्या मुलीला ४ दिसला, तो तिनं बाहेर काढला, छान केलं. फक्त पुढे एक प्रश्न विचारायचा राहिला: आता उरलेल्या १८ मध्ये वर्ग आहे का? आहे, ९. मग

√७२ = २√१८ = २ × √९ × √२ = २ × ३ × √२ = ६√२.

इथे दुसरी एक चूक दबा धरून बसलेली असते. बाहेर आधीच २ आहे आणि आता ३ बाहेर आले. घाईत त्यांची बेरीज होते आणि ५√२ लिहिलं जातं. चित्र आठवा: कडेला दोन मोठे तुकडे आणि प्रत्येकाच्या कडेला तीन लहान. दोनदा तीन, म्हणजे सहा. बाहेर येणारं प्रत्येक जण आधी बाहेर असलेल्याला गुणतं. म्हणून मी मुलांना सांगते की बाहेरचा २ प्रत्येक पायरीत पुन्हा लिहा, शिवाय त्याच्यापुढे गुणाकाराची खूणही द्या. खूण न देता २ आणि ३√२ शेजारी ठेवले की डोळा कधी २३√२ वाचतो, तर कधी २ + ३√२.

ज्यांना मोठा वर्ग पटकन दिसत नाही त्यांच्यासाठी मूळ अवयवांची रीत आहे. ७२ ला २ नं भागत जा: ३६, १८, ९. मग ३ नं: ३, १. म्हणजे ७२ = २ × २ × २ × ३ × ३. सारख्या अवयवांच्या जोड्या लावा. दोनाची एक जोडी, तिनाची एक जोडी आणि एक २ एकटा. प्रत्येक जोडीतला एकच अवयव बाहेर येतो, एकटा आत राहतो: २ × ३ × √२. जोडीतले दोघेही बाहेर आणले तर पुन्हा तुमचं ३६√२ होतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच. जोडी म्हणजे एक वर्ग, आणि वर्गाची बाजू एकच. या रीतीचा एक फायदा असा की जोड्या संपल्या की काम संपलं, 'अजून आहे का' हा प्रश्नच उरत नाही. तोटा एवढाच की लिहिणं जास्त. √७२ साठी मी स्वतः वर्गाची वाट धरते, पाच-सहाशेच्या पुढच्या संख्येला अवयव पाडते.

आता ताळा. इथे माझं थोडं स्पष्ट मत आहे: या प्रकरणात दोन वेगवेगळे ताळे करायला हवेत, पण बरीच मुलं एकच करतात. पहिला ताळा उत्तर खरं आहे का याचा. बाहेरची संख्या वर्ग करून आत ढकला आणि गुणा. ६√२ मधला ६ आत गेला की ३६, गुणिले २, झाले ७२. बरोबर. ५√२ केलं असतं तर २५ × २ = ५०, चूक उघडी पडली. तुमचं ३६√२ असतं तर ३६ चा वर्ग १२९६, गुणिले २ म्हणजे २५९२. कुठे ७२ आणि कुठे २५९२! याहून लवकर पकडायचं असेल तर अंदाज घ्या. ७२ ही संख्या ६४ आणि ८१ यांच्या मध्ये आहे, म्हणून तिचं मूळ ८ आणि ९ यांच्या मध्ये. √२ साधारण १.४१४, त्याची सहापट ८.४८४, ठीक. छत्तीसपट म्हणजे पन्नासाच्या पुढे, अशक्यच.

पण हा ताळा २√१८ ला सुद्धा पास करतो. ४ × १८ = ७२. ३√८ लाही: ९ × ८ = ७२. म्हणूनच तुमच्या मुलीला आपलं उत्तर बरोबर वाटलं. कदाचित तिनं ताळा केलाही असेल. दुसरा ताळा संपलं का याचा आहे आणि तो फक्त मुळाखाली उरलेल्या संख्येवर करायचा. १८ ला ४ नं भाग जात नाही, ९ नं जातो. थांबायचं नाही.

मार्क का कापला, याचं उत्तर एका उदाहरणानं देते, कारण 'बाईंना तसंच हवं असतं' हे मुलीला पटणार नाही आणि पटूही नये. √७२ + √५० करायला दिलं आहे असं समजा. ५० = २५ × २, म्हणून √५० = ५√२. मुलीनं √७२ ला २√१८ वर सोडलं तर तिच्यासमोर २√१८ + ५√२ येतं. आत १८, तिकडे २, आणि ती लिहिते की पुढे जाता येत नाही. पुरतं सरळ रूप दिलं असतं तर ६√२ + ५√२ = ११√२, एका क्षणात. करणी सजातीय, म्हणजे मुळाखाली सारखीच संख्या असलेल्या, आहेत की नाहीत हे शेवटपर्यंत गेल्याशिवाय दिसतच नाही. शिवाय मुलगी आणि मैत्रीण यांनी आपली उत्तरं शेजारी ठेवली तर ती सारखी आहेत हे कुणाला कळेल? दोघी शेवटपर्यंत गेल्या असत्या तर दोघींकडे ६√२ असतं, कारण कुठल्याही वाटेनं गेलं तरी शेवटचं रूप एकच येतं. जोड्या लावताना एकटे राहणारे अवयव ठरलेले असतात, म्हणून असं होतं. एक मार्क त्या राहिलेल्या पायरीचा गेला. माझ्या मते तो न्याय्य आहे, आणि मिळालेला एक मार्कही तितकाच न्याय्य आहे.

आता तिचा शेवटचा प्रश्न, संपलं हे कळायचं कसं. सगळा नऊ, सोळा, पंचवीस असा पाढा म्हणत बसू नका. सोळानं भाग जात असेल तर चारनं जातोच, छत्तीसनं जात असेल तर चारनंही जातो आणि नऊनंही. म्हणून तपासायचे ते फक्त मूळ संख्यांचे वर्ग: ४, ९, २५, ४९, १२१ असे पुढे. आणि जो वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा मोठा, तो बघायचाच नाही. शंभरपर्यंतच्या संख्यांना चारच तपासण्या पुरतात: ४, ९, २५, ४९. चारची कसोटी शेवटच्या दोन अंकांवरून, नऊची अंकांच्या बेरजेवरून. २५ चे पटीतले अंक ओळखीचे असतात आणि शंभरच्या आत ४९ च्या पटी दोनच, ४९ आणि ९८.

हेही तिला सांगा की प्रत्येक करणी सुटत नाही. १ ते १०० या संख्यांत दहा संख्यांचं वर्गमूळ पूर्णांक येतं. बाकीच्यांपैकी साठ संख्या अशा आहेत की त्यांना १ पेक्षा मोठा एकही वर्ग भागत नाही, त्या जशा आहेत तशाच सरळ रूपात आहेत. ७२ सारख्या, थोडं बाहेर आणि थोडं आत, अशा उरतात तीस. √३० दिलं आणि चारही तपासण्या रिकाम्या गेल्या तर √३० हेच उत्तर. काहीतरी बाहेर निघायलाच हवं म्हणून ओढाताण करायची नाही. मुलं अशा वेळी सम संख्या दिसली की ४ काढून मोकळी होतात. सम असणं पुरेसं नाही, २ ची जोडी हवी.

खरी परीक्षा मोठ्या संख्येत होते. √१०५८ घ्या. सम आहे, पण शेवटचे अंक ५८, चारनं भाग जात नाही. अंकांची बेरीज १४, नऊनंही नाही. २५ नाही. ४९ × २१ = १०२९, पुढची पट १०७८, म्हणून ४९ ही नाही. इथे बहुतेक जण थांबतात आणि √१०५८ तसंच लिहून देतात. ते चूक आहे. मग कुठवर तपासायचं? मूळ संख्यांनी क्रमानं भागत जा, आणि प्रत्येक वेळी पुढच्या मूळ संख्येचा घन उरलेल्या संख्येपेक्षा मोठा झाला का ते पाहा. झाला की भागणं थांबवा आणि उरलेली संख्या स्वतः पूर्ण वर्ग आहे का, एवढंच तपासा.

करून बघू. १०५८ ला २ नं भागलं, ५२९ उरले. पुन्हा २ नं जात नाही, म्हणजे २ एकटा. ५२९ च्या अंकांची बेरीज १६, ३ नं नाही. ५ नं नाही. ७ × ७५ = ५२५, बाकी ४, म्हणून ७ नंही नाही. पुढची मूळ संख्या ११, तिचा घन १३३१, ५२९ पेक्षा मोठा. थांबा. का थांबता येतं? ५२९ चे सगळे मूळ अवयव आता ११ किंवा त्याहून मोठे आहेत. असे तीन अवयव असते तर गुणाकार किमान १३३१ झाला असता. तेव्हा तिचे मूळ अवयव जास्तीत जास्त दोन. दोन असून सारखे असतील तर ती पूर्ण वर्ग आहे. वेगळे असतील, किंवा ती स्वतःच मूळ संख्या असेल, तर तिच्यातून काही बाहेर येणार नाही. तिसरी शक्यताच नाही.

मग ५२९ पूर्ण वर्ग आहे का? २० चा वर्ग ४००, ३० चा ९००, म्हणून वर्गमूळ पूर्णांक असेल तर विशीतलं. शेवटचा अंक ९, म्हणून २३ किंवा २७. २५ चा वर्ग ६२५, तो जास्त होतो, म्हणून २३. गुणून पाहा: २३ × २३ = ५२९. तेव्हा √१०५८ = २३√२.

मुलीचा विश्वास बसला नाही तर वहीचं जोडपान घ्या, चौकटी पुरल्या नाहीत तर आणखी एक पान चिकटवा, आणि ४६ बाय ४६ चौकटींचा चौरस आखून त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडायला सांगा. ४६ चा वर्ग २११६, त्याचा अर्धा १०५८. मग तिरक्या रेषेवर बोट ठेवून तिलाच चौकटींचे कर्ण मोजू द्या. तेवीस भरतील.

– तुमची ताई